‘भाचा कंदील धरतो’ आणि पुढे गप्प: चिनी श्येहौयू ओळखायची कशी, सांगायची कशी?

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीत मँडरिनची दुभाषी म्हणून नुकतीच लागले आहे. परवा ऑनलाइन मीटिंगमध्ये डिलिव्हरीच्या नव्या वेळापत्रकाचा विषय चालू होता. चिनी इंजिनिअर म्हणाला, “भाचा कंदील धरतो,” आणि गप्प बसला. पलीकडचे सगळे हसले. मी शब्दशः सांगितलं, तर आमचे साहेब माझ्याकडे नुसते बघत राहिले. याला श्येहौयू म्हणतात आणि दुसरा अर्धा भाग बोलायचा नसतो, एवढं नंतर वाचलं. पण न बोललेलं ओळखायचं कसं? आणि समोरच्याला समजावायचं कसं?

उत्तर:

त्याने गिळलेले शब्द होते ‘झाओ ज्यौ’. भाच्याने कंदील धरला की उजेड कोणावर पडतो? मामावर. ‘झाओ’ म्हणजे उजेड पाडणं आणि ‘ज्यौ’ म्हणजे मामा. पण ‘ज्यौ’ याच उच्चाराचा, याच सुराचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘जुनं’. आणि ‘झाओ’चा दुसरा अर्थ ‘च्याप्रमाणे’. म्हणून ‘झाओ ज्यौ’ कानाला ‘मामावर उजेड’ असंही लागतं आणि ‘पूर्वीप्रमाणेच’ असंही. वेळापत्रक नवं आलं तरी गाडी जुन्याच वेगाने चालणार, असं तो म्हणत होता.

एक गोष्ट तुमच्या बाजूने होती. इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्याला इथे आणखी एक अडथळा असतो, कारण इंग्रजीत भाचा आणि पुतण्या एकाच शब्दात बसतात आणि मामा-काका दुसऱ्या एकात. चिनी भाषा आपल्यासारखीच नात्यांच्या बाबतीत काटेकोर आहे. ‘वायशंग’ म्हणजे बहिणीचाच मुलगा, भावाचा नव्हे. इंग्रजी पुस्तकावरून कोणी ‘पुतण्या कंदील धरतो’ असं मराठीत केलं, तर उजेड काकावर पडतो आणि सगळा खेळच संपतो. तुम्ही भाचा म्हणालात ते बरोबरच होतं. अडलं ते पुढे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. गाळलेला भाग शोधणं हे एक काम. ते सरावाने जमतं आणि बहुतेक वेळा शब्दकोशात मिळतंही. बोलणाऱ्याने तो भाग का गाळला आणि आपण त्यातलं किती बाहेर काढायचं, हे दुसरं काम. ते परिस्थितीवर अवलंबून असतं आणि दुभाषाची खरी कसोटी तिथे लागते. आधी पहिलं घेऊ.

श्येहौयूचा पहिला भाग म्हणजे एक छोटं चित्र आणि दुसरा भाग म्हणजे त्या चित्राचा उलगडा. हा उलगडा दोन तऱ्हांनी होतो. पहिल्या तऱ्हेत चित्रातूनच अर्थ निघतो. ‘मुका माणूस ह्वांगल्येन खातो’ हे घ्या. ह्वांगल्येन ही चिनी औषधांत वापरली जाणारी अतिशय कडू मुळी. उलगडा असा की कडू तर लागतंय, पण सांगता येत नाही. चिनी भाषेत ‘कडू’ आणि ‘दुःख’ यांना एकच शब्द आहे, त्यामुळे अर्थ थेट माणसाच्या हालांवर जातो. आपण याच प्रसंगी ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतो. चित्र वेगळं आहे, पण व्यथा तीच. अशा म्हणी समजावायला सोप्या असतात. ह्वांगल्येन म्हणजे काय ते सांगितलं की ऐकणारा उरलेलं स्वतःच ओळखतो.

दुसरी तऱ्हा आवाजाची, आणि तुम्हाला भेटली ती हीच. इथे चित्रातून एक वाक्य निघतं, ते खरं असतं पण बिनकामाचं. त्याच आवाजाचं दुसरं वाक्य कामाचं असतं. मँडरिनमध्ये सूर बाजूला ठेवले तर जेमतेम 400च्या आसपास वेगवेगळी अक्षरं उच्चारता येतात. सूर धरले तरी तो आकडा 1,300च्या आसपास थांबतो. एवढ्या थोड्या आवाजांत सगळी भाषा बसवायची, म्हणून एकेका आवाजाच्या वाट्याला पुष्कळ शब्द येतात. श्लेष करायला कोणाला कवी असावं लागत नाही, भाजीवालाही सहज करून जातो. मात्र यातलं काहीही दुसऱ्या भाषेत आपोआप जात नाही. दुसऱ्या भाषेत पोचतं ते फक्त चित्र, आणि चित्र हा या प्रकारातला सगळ्यांत बिनमहत्त्वाचा भाग असतो.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण साधंसुधं नाही. 18 डिसेंबर 1970 रोजी माओ त्सेतुंग यांनी बीजिंगमध्ये अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांच्याशी दीर्घ गप्पा मारल्या. चुकीचं बोलायला आपण घाबरत नाही, असं सांगताना माओ म्हणाले, मी म्हणजे ‘हशांग दा सान’, भिक्षू छत्री धरतो. उलगडा आहे ‘वू फा वू थ्येन’. बौद्ध भिक्षूचं डोकं तुळतुळीत, म्हणून केस नाहीत. डोक्यावर छत्री, म्हणून आकाश नाही. ‘फा’ म्हणजे केस. पण ‘फा’ म्हणजे कायदाही, फक्त सूर वेगळा, केसांचा वरून खाली पडणारा आणि कायद्याचा खाली जाऊन वर येणारा. ‘थ्येन’ म्हणजे आकाश, आणि तोच शब्द देव किंवा दैव या अर्थीही चालतो. ‘वू फा वू थ्येन’ हा चार अक्षरी वाक्प्रचार चिनी लोकांच्या रोजच्या तोंडातला. त्याचा अर्थ: ना कायद्याची चाड, ना देवाची भीती. म्हणजे माओ सांगत होते की मी कोणाला जुमानत नाही.

स्नो यांचा लेख ‘लाइफ’ मासिकात 30 एप्रिल 1971 रोजी आला. त्यात हेच वाक्य असं आलं की माओ म्हणाले, आपण गळकी छत्री घेऊन जगात फिरणारे एकटे भिक्षू आहोत. बेदरकार पुढाऱ्याच्या जागी खिन्न संन्यासी उभा राहिला. पुढे बरीच वर्षं पाश्चात्त्य लेखक त्या एकटेपणाचा अर्थ लावत बसले.

या प्रकरणात मला दोन गोष्टी दिसतात. चिनी बाजूने छापलेल्या नोंदीत माओंनी दुसरा भागही उच्चारलेला आहे. एवढंच नाही, केस नाहीत आणि आकाश नाही अशी फोडही करून दिलेली आहे. म्हणजे गाळल्यामुळे घोटाळा झाला असं म्हणता येत नाही. पूर्ण म्हण कानावर पडली तरी ‘फा’चा दुसरा चेहरा दिसला नाही, तर हाती केस आणि आकाशच लागतात. दुसरी गोष्ट छत्रीची. ‘गळकी’ हा शब्द मूळ म्हणीत नाही आणि असूच शकत नाही, कारण आकाश झाकायचं तर छत्री धड हवी. अर्थ कळला नाही की माणूस चित्रच सजवू लागतो. अनुवादात चित्राला अशी कारुण्याची किंवा काव्याची झालर लागलेली दिसली, की मी मूळ आवाजाकडे परत जातो.

आता ओळखायचं कसं. श्येहौयू बोलण्यात अचानक येते, पण वाक्यात तिची जागा बहुधा ठरलेली असते. ‘नी झ श’, म्हणजे ‘तुझं हे म्हणजे’, किंवा ‘झ च्याओ’, म्हणजे ‘याला म्हणतात’, असं काहीतरी आधी येतं आणि मागून विषयाशी काडीचाही संबंध नसलेलं चित्र येतं. चर्चा गिअरबॉक्सची चाललेली असते आणि मध्येच मुंगूस कोंबडीकडे जातं. त्यात पात्रं ठरावीक असतात: भिक्षू, मुका, आंधळा, टकल्या, उंदीर, कुत्रा, कन्फ्यूशिअस, ‘तीन राज्यां’च्या कथेतले सरदार. वाक्य लहान असतं, एक कर्ता आणि त्याची एक विचित्र करामत. पुढे क्षणभर थांबा येतो, कारण ऐकणाऱ्याने मनातल्या मनात जोडायला तेवढा वेळ लागतो. एवढं जुळलं की समजायचं, हे वर्णन नाही, हे कोडं आहे.

छापील मजकुरात काम आणखी सोपं असतं. चिनी शब्दकोश पहिला आणि दुसरा भाग यांच्यामध्ये लांब रेघ देतात. आवाजाची तऱ्हा असेल तर उलगड्यातल्या त्या एका अक्षरापुढे कंसात दुसरं अक्षर छापतात. ‘मामा’च्या अक्षराशेजारी कंसात ‘जुनं’ हे अक्षर दिसलं, की श्लेष कुठे आहे ते लगेच कळतं. कंस नसेल तर ती बहुतेक चित्रातून अर्थ निघणारी म्हण. चिनी शोधयंत्रात पहिला अर्धा भाग जसाच्या तसा टाकला तरी उलगडा सहसा पहिल्या ओळीतच येतो.

पण तो पहिलाच उलगडा बरोबर असेल असं नाही. एकाच चित्राला दोन शेपट्या असू शकतात. ‘झू बाज्ये आरशात बघतो’ ही याची नेहमीची पंचाईत. झू बाज्ये हा मिंग काळातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतला डुकरतोंड्या शिष्य. त्याचा गुरू म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासात येणारा, पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करून ठेवणारा ह्युएनत्संग, अर्थात कथेतला. तर हा बाज्ये आरशासमोर उभा राहिला की आरशाच्या आत माणूस नाही आणि बाहेरही माणूस नाही. उलगडा ‘ली वाय बू श रन’. दोघांच्या भांडणात मध्ये पडलेला आणि दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस स्वतःबद्दल असं म्हणतो. पण याच चित्राला ‘स्वतःहून शोभा करून घेणं’ अशीही शेपटी लावतात. म्हणून मी आधी विचारतो की हे कोण कोणाबद्दल म्हणालं. मध्यस्थ स्वतःबद्दल म्हणाला तर पहिली शेपटी. कोणी तिसऱ्याची फजिती बघून म्हणालं तर बहुधा दुसरी. गाळलेला भाग शब्दकोशात असतो हे खरं, पण दोनांतला कोणता घ्यायचा ते संभाषणच ठरवतं.

आता दुसरं काम, म्हणजे सांगणं. इथे सगळ्यांना लागू पडेल असा नियम मी देऊ शकत नाही, कारण मीटिंगमध्ये, सबटायटलमध्ये आणि वर्गात हीच म्हण तीन वेगळ्या पद्धतींनी सांगावी लागते. तुमची मीटिंग घेऊन बघू.

चालू बोलण्यात दुभाषाला श्वास घेण्याइतका वेळ असतो. तेवढ्यात भाचा, कंदील, मामा, ‘ज्यौ’चे दोन अर्थ हे सगळं सांगायला गेलात तर पुढची दोन वाक्यं निसटतात. म्हणून प्रत्यक्ष बोलताना उलट्या क्रमाने जायचं. आधी मुद्दा, मग वाटलं तर चिमूटभर रंग. “ते थट्टेने म्हणतायत, वेळापत्रक नवं असलं तरी काम पूर्वीसारखंच चालणार.” साहेबांना निर्णय घ्यायला एवढं पुरतं. ‘थट्टेने म्हणतायत’ हे दोन शब्द मात्र सोडायचे नाहीत. तिकडचे लोक का हसले ते इकडच्यांना कळलं नाही, तर आपल्यालाच हसले अशी शंका येते. भाच्याची गोष्ट चहाच्या वेळी सांगा. ती तेव्हाच खुलते.

एक मोह इथे हमखास होतो. मराठीत या अर्थाला अगदी चपखल म्हण आहे: ‘ये रे माझ्या मागल्या’. गंमत अशी की आपणही तिचा दुसरा भाग, ‘ताक-कण्या चांगल्या’, बहुतेक वेळा गाळतो. मग ती वापरावी का? इथे जरा थांबायला हवं. ‘झाओ ज्यौ’ हा मूळ शब्द तटस्थ आहे. ‘यंदाही दिवाळीची सुट्टी नेहमीप्रमाणे’ अशा अर्थीही कोणी ‘भाचा कंदील धरतो’ म्हणू शकतं, त्यात तक्रार नसते. ‘ये रे माझ्या मागल्या’ मात्र तक्रारीशिवाय येतच नाही. सुधारणार म्हणाला आणि पुन्हा जुन्या वळणावर गेला, हा टोमणा तिच्यात पक्का बसलेला आहे. तुमच्या इंजिनिअरच्या बोलण्यात उशिराबद्दल टोमणा होता असं हसण्यावरून वाटतं. तसं असेल तर ती म्हण शोभते. पण त्याला फक्त ‘बदल नाही’ इतकंच म्हणायचं असेल, तर तुम्ही त्याच्या तोंडी आरोप घातला असं होईल. खात्री नसेल तर ‘पूर्वीसारखंच’ हा साधा शब्द बरा. आणि म्हण वापरलीच तर पहिला अर्धा भागच. दुसरा जोडलात तर चिनी इंजिनिअर ताक-कण्या खाऊ लागतो.

आता गाळण्यामागच्या कारणाकडे येतो, कारण दुभाषांकडून सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. बरेचदा दुसरा भाग गाळतात तो सगळ्यांना माहीत असतो म्हणून. पण कधी कधी तो गाळला जातो, कारण तो उघड बोलणं परवडणारं नसतं. ‘मुंगूस कोंबडीला नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला जातं’ ही म्हण घ्या. (प्राणी खरं तर मुंगूस नव्हे, कोंबड्या पळवणारा वीझल. मराठीत मात्र मुंगसाने काम भागतं, कारण कोंबड्यांवर डोळा त्याचाही असतो.) उलगडा आहे ‘मेई आन हाओ शिन’, म्हणजे मनात चांगला हेतू नाही. समजा तिसऱ्या कंपनीने अचानक फुकट सर्व्हिसिंग देऊ केलं, आणि तुमच्या बाजूला बसलेला चिनी व्यवस्थापक हळूच एवढंच म्हणाला, “मुंगूस कोंबडीकडे शुभेच्छा द्यायला.” त्याने त्या कंपनीला लबाड म्हटलेलं नाही. उद्या कोणी जाब विचारला तर तो म्हणेल, मी कुठे काय बोललो? ही पळवाट त्याने मुद्दाम ठेवली आहे.

अशा वेळी तुम्ही टेबलावर मोठ्याने “त्यांच्या मते त्या कंपनीचा हेतू वाईट आहे” असं सांगितलंत, तर माहिती बरोबर असेल, पण त्याने झाकलेलं तुम्ही उघडं पाडलंत. म्हणून मी आधी बघतो की ऐकणारा कोण आहे. फक्त आपलेच लोक असतील तर अर्थ सरळ सांगतो. ज्याच्याबद्दल बोललं गेलं तोही समोर असेल, तर चित्र जसंच्या तसं देतो आणि तिथेच थांबतो. “ते म्हणतायत, मुंगूस कोंबडीला शुभेच्छा द्यायला गेलंय.” ही म्हण चित्रातून अर्थ निघणारी आहे, त्यामुळे मराठी माणसाला इशारा कळतो. उघड काही बोललं गेलेलं नसतं आणि बोलणाऱ्याची पळवाटही शाबूत राहते. आवाजाच्या म्हणीत ही सोय नसते. तिथे नुसतं चित्र दिलं तर साहेब तुमच्याकडे बघत राहतात, हा अनुभव तुम्हाला आलाच आहे. अशा वेळी एकच पर्याय उरतो, अर्थ द्यायचा पण सौम्य शब्दांत.

वर्गात किंवा घरच्यांना समजावताना क्रम पुन्हा बदलतो. तिथे मुद्दा शेवटी सांगायचा, नाहीतर मजा जाते. कन्फ्यूशिअसची म्हण यासाठी उत्तम आहे. आधी चित्र: कन्फ्यूशिअस घर बदलतो. मग प्रश्न: त्याच्या सामानात काय असेल? बहुतेक विद्यार्थी स्वतःच म्हणतात, पुस्तकं. ‘जिंग श शू’, सगळी पुस्तकंच. मग फळ्यावर दुसरा ‘शू’ लिहायचा. हा ‘शू’ म्हणजे हरणं, आणि दोन्हींचा सूर एकच, सपाट आणि उंच. जो माणूस प्रत्येक डावात हरतो, ज्याचा संघ प्रत्येक सामना गमावतो, त्याचं घर कन्फ्यूशिअस बदलतोय. इथे जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुस्तक आणि हार यांचा हा सारखा आवाज कँटनीज भाषेतही आहे आणि लोकांना तो खुपतो. म्हणून हाँगकाँगकडे पंचांगाच्या पारंपरिक नावातला ‘पुस्तक’ हा शब्द काढून तिथे ‘विजय’ घातला आहे. म्हणजे हा श्लेष केवळ विनोदापुरता नसतो, त्याची धास्तीही असते. एवढं कळलं की विद्यार्थी ती म्हण सहसा विसरत नाहीत.

दुसरा भाग गाळण्याची कला किती लांब जाऊ शकते, ते पाहायचं असेल तर सतराव्या शतकातल्या पू सोंगलिंगच्या कथासंग्रहातली एक छोटी गोष्ट बघा. मिंग राजवटीचा एक मंत्री बंडखोरांना शरण गेलेला असतो, लोक त्याला नावं ठेवत असतात. म्हातारपणी तो गावी पूर्वजांच्या पूजेचं दालन बांधतो. एका रात्री तिथे कोणीतरी दोन ओळी टांगून जातं. पहिली ओळ: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. दुसरी ओळ: मातृपितृभक्ती, बंधुभाव, निष्ठा, विश्वास, शिष्टाचार, न्याय, सचोटी. लोकांना काहीच कळत नाही. मग कोणीतरी सांगतं की पहिल्या ओळीत आठ नाही, ‘वांग बा’, आठ हरवला. ‘वांग बा’ ही चिनी भाषेतली सणसणीत शिवी आहे. आठ सद्गुणांच्या ठरलेल्या यादीतला शेवटचा म्हणजे लाज. तो दुसऱ्या ओळीत नाही, म्हणजे ‘वू छ’, निर्लज्ज. सगळा मजकूर जे लिहिलं नाही त्यात आहे. आणि गोष्टीतल्या चिनी माणसांनाही तो समजावून द्यावा लागला, हे लक्षात घ्या. तुमचे साहेब बघत राहिले याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

शेवटी, तुम्ही स्वतः वापराव्यात का? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण थोड्याच दिवसांत विचाराल. मी म्हणेन, ओळखायला पुष्कळ शिका, वापरायला अगदी थोड्या. या म्हणींत टकले, आंधळे, मुके, म्हातारी माणसं यांची निर्दय थट्टा भरपूर असते. ‘आंधळा दिवा लावतो’, उलगडा ‘मेण फुकट’, ही सहज बोलली जाते. पण समोरच्याच्या घरी कोणी आंधळं असेल तर काय? दुसरं असं की परक्या माणसाने घाईत वापरलेली श्येहौयू कानाला फार मोठ्याने लागते. चिनी लोक कौतुक करतील, पण मीटिंगचा विषय बाजूला राहील. सुरुवातीला बिनधोक म्हणून मी ‘तीळ फुलतो’ सुचवतो. तिळाच्या झाडाला बोंडं खालून वर पेरापेराने लागत जातात, म्हणून उलगडा ‘ज्ये ज्ये गाओ’, पेर्‍यापेर्‍याने वर, म्हणजे उत्तरोत्तर प्रगती. शुभेच्छा देताना चालते आणि कोणाच्या डोक्यावरच्या केसांशी तिचा संबंध नाही. ती म्हणा आणि पुढचा भाग मुद्दाम गाळा. समोरचा बहुधा स्वतःच पूर्ण करेल. तो हसत पूर्ण करतो की नुसती मान हलवतो, त्यावरून पुढच्या वेळी त्याच्यापुढे भाचा काढायचा का ते ठरवा.